आठ ओळी, दोनदा वाचलेल्या

आमच्या भागातल्या वाचनालयात संध्याकाळची पुस्तकांची देवघेव मी बघते. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, नाशकात मराठीचे इतके कार्यक्रम असतात की त्या दिवशी वक्ता मिळणं कठीण. यंदा आमच्या समितीने वक्ता शोधलाच नाही. वाचनालयात नेमाने येणाऱ्या नववी ते अकरावीच्या चार मुलांनी बोलायचं असं ठरलं. विषय एकच: मराठी गोष्टी आणि कविता वाचताना आपल्याला काय आनंद मिळतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक छोटा उतारा मोठ्याने वाचायचा. तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या बैठकीला मुलं लिहून घेऊन आली. चौघांच्या कागदावर थोड्याफार फरकाने तेच होतं. वाचनाने ज्ञान वाढतं, शब्दसंग्रह वाढतो, पुस्तक हा खरा मित्र, मोबाइलच्या जमान्यात वाचन कमी होत चाललं आहे. शाळेतल्या निबंधाची ही भाषा त्यांच्या हातात इतकी बसली आहे की ‘वाचन’ शब्द दिसला की पेन आपोआप तिकडे वळतं. आनंदाचं मात्र एकाही कागदावर काही नव्हतं. मी कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारलं, ‘तुमच्या पुस्तकातली अशी एक जागा दाखवा, जिथे वाचता वाचता तुम्ही थांबलात. का थांबलात ते आत्ता नका सांगू. फक्त जागा दाखवा.’

ही जागा सापडायला वेळ लागला. दोघांनी पुस्तक घरी नेऊन पुन्हा वाचलं. पण एकदा बोट ओळीवर टेकलं की बोलण्याची अडचण उरली नाही, कारण आता त्यांना ‘वाचन’ या विषयावर बोलायचं नव्हतं, त्या ओळीपाशी आपलं काय झालं एवढंच सांगायचं होतं. तयारीतली ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी उतारा, मग भाषण. भाषण आधी लिहून त्याला शोभेल असा उतारा शोधत बसलं, तर उतारा नुसता सजावटीला येतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

सिडकोत राहणारी, अकरावी विज्ञानची एक मुलगी. तिचं बोट बालकवींच्या ‘औदुंबर’वर होतं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म 1890, धरणगावचा. 1918 मध्ये रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा त्यांना अठ्ठावीसही पूर्ण झाली नव्हती. कविता फक्त आठ ओळींची आहे:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

तिने पहिल्यांदा वाचली ती सरळ चालीत. बालपणापासून कविता म्हटली की डोलत म्हणायची ही सवय. ओळीच्या शेवटी आवाज वर, पुढच्या ओळीच्या शेवटी खाली. ऐकायला गोड वाटत होतं, पण आठ ओळी संपल्या तेव्हा बाकीच्या तिघांपैकी एकालाही ती पायवाट कुठून कुठे गेली हे सांगता आलं नाही. आम्ही पुढे सगळ्यांसाठी हीच चाचणी ठेवली. ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याकडे पाठ करून बसायचं, हातात पुस्तक घ्यायचं नाही, आणि वाचून झाल्यावर काय काय दिसलं ते सांगायचं. दिसलं नाही तर वाचन झालं नाही. ‘छान वाचलंस’ म्हणायला आम्ही बंदीच घातली, कारण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मग आम्ही त्या ओळी मात्रा मोजून पाहिल्या. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, आणि मग ‘हिरवाळी घेउन’. पुढची ओळ तशीच: ‘निळासावळा’ आठ, ‘झरा वाहतो’ आठ, ‘बेटाबेटातुन’. ‘चार घरांचे’, ‘गाव चिमुकले’. आठ मात्रा झाल्या की शब्दही संपतो, म्हणून जीभ आपोआप ठेक्यावर थांबते आणि चाल लागते. मुलीने पेन्सिलने प्रत्येक ओळीत आठ आणि सोळा मात्रांनंतर उभी रेघ मारत नेली. पाचव्या ओळीशी ती अडली.

‘ताई, इथे रेघ शब्दाच्या पोटात पडतेय.’

खरंच होतं. ‘पायवाट’च्या सहा मात्रा, पुढे ‘पां’च्या दोन, आणि रेघ पडते ‘पांढरी’ या शब्दाच्या मध्यात. ‘पायवाट पां’, ‘ढरी तयातुनि’. आम्ही बाकीच्या ओळी पुन्हा तपासल्या. सहाव्या ओळीत रेघ ‘कुरणा’ आणि ‘मधुनि’ यांच्या सांध्यावर पडते, पण ठेका शब्दाला पोटातच कापतो असं आठ ओळींत हे एकच ठिकाण आहे, आणि ही ओळ आहे अडव्यातिडव्या पायवाटेची. बालकवींनी हे मोजूनमापून केलं की त्यांच्या कानाने केलं, हा प्रश्न मी मुलांपुढे ठेवला नाही. पण तोंडाला काय होतं ते सगळ्यांना कळलं. चार ओळी सपाट रस्त्याने आलेली जीभ इथे चाचपडते. ठेक्याला धरून वाचलं तर ‘पांढरी’ तुटते. अर्थाला धरून वाचलं तर ठेका हलतो, आणि तो हलू देणंच बरोबर आहे. मुलीने ‘पायवाट पांढरी’ एका दमात म्हणून तिथे किंचित थांबायचं ठरवलं आणि ‘तयातुनि अडवीतिडवी पडे’ पुढे सोडलं. पुढच्या वेळी पाठमोऱ्या बसलेल्या मुलाने सांगितलं, ‘गाव टेकडीकडे आहे, तिथून वाट खाली उतरून काळ्या पाण्यापाशी आली.’ बस, जमलं होतं.

थांबण्याच्या खुणा आम्ही कागदावर पेन्सिलनेच केल्या. एक तिरपी रेघ म्हणजे श्वासापुरतं थांबणं, दोन रेघा म्हणजे चित्र बदलतंय, ऐकणाऱ्याला वेळ द्या. ‘औदुंबर’मध्ये दोन रेघांची जागा सहाव्या ओळीनंतर आहे. तोपर्यंत सगळं हिरवं, निळं, पांढरं चाललेलं असतं. ‘काळ्या डोहाकडे’ आलं की रंग बदलतो. तिथे न थांबता पुढे गेलं तर शेवटच्या दोन ओळी आधीच्या निसर्गवर्णनात वाहून जातात आणि कवितेचा सगळा भार ज्या झाडावर आहे ते झाड ऐकणाऱ्याच्या हातीच लागत नाही.

आठ ओळी सावकाश वाचल्या तरी मिनिटभरात संपतात. म्हणून तिने दोनदा वाचायच्या असं ठरवलं. आधी काहीही न सांगता एकदा, मग बोलणं, मग पुन्हा एकदा. हा तिचाच विचार आणि फार चांगला. पहिल्या वाचनात श्रोता फक्त शब्द गोळा करतो. मधल्या तीन-चार मिनिटांत तिने सांगितलं की आठवीत असताना ती ही कविता ‘सोपी’ म्हणून पाठ करून मोकळी झाली होती. मागच्या वर्षी, क्लासच्या परीक्षेत कमी मार्क पडल्यावर, ती एकटीच गंगेवर जाऊन पायऱ्यांवर बसली. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) पाय पाण्यात होते. आणि तिला एकदम शेवटची ओळ आठवली, ‘पाय टाकुनी जळात बसला’. झाड असं बसू शकतं हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ‘मला कुणी समजूत घालायला नको होतं,’ ती म्हणाली, ‘माझ्यासारखंच कुणीतरी शेजारी बसलेलं हवं होतं. ते त्या ओळीत होतं.’ आणि लगेच दुसरं वाचन. सभागृहात दुसऱ्या वेळी जे ऐकू आलं ते पहिल्या वेळी नव्हतं, आणि शब्द तर तेच होते.

दहावीतल्या मुलाचं घर मूळचं सटाण्याकडचं. त्याने बहिणाबाई निवडल्या, ‘मन वढाय वढाय’. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या ओव्या रचून म्हणत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्या लिहून घेतल्या. पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्या गेल्या त्यानंतर. म्हणजे या कविता आधी आवाजात होत्या, कागदावर नंतर आल्या. हे कळल्यावर ‘मोठ्याने वाचायचं’ याला वेगळाच अर्थ येतो.

पण मुलगा वाचायला लागला आणि ओळी ओळखू येईनात. ‘फिरी येतं’चं तो ‘फिरून येतं’ करत होता, ‘पान्यावऱ्हल्या’ला अडखळून ‘पाण्यावरच्या’ म्हणत होता. पाखराच्या कडव्यात छापलंय,

आता व्हतं भुईवर
गेलं गेलं आभायात

आणि तो म्हणत होता ‘होतं’ आणि ‘आभाळात’. मी विचारलं तर गप्प राहिला. नंतर, बाकीची मुलं गेल्यावर बोलला. लहानपणी आजीबरोबर राहिल्यामुळे तो ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणायचा. नाशिकच्या शाळेत आल्यावर वर्गात सगळे हसले, बाईंनीही ‘नीट बोल’ म्हणून उभं केलं. तेव्हापासून त्याने तो ‘य’ घासूनपुसून काढून टाकला. आता पुस्तकात तो समोर आल्यावर जीभ वळत नव्हती.

खरं तर बहिणाबाईंची बोली जळगावकडची, लेवा समाजाची. त्याच्या आजीची अहिराणी. दोन्ही एक नव्हेत. पण ‘ळ’चा ‘य’ होणं दोन्हीकडे आहे, आणि तो त्या मुलाच्या कानात तयार होता. मी त्याला एवढंच सुचवलं की पुस्तक आजीला वाचून दाखव. आजीने कविता पहिल्यांदाच ऐकली. पण दोन कडव्यांनंतर तिने त्याला थांबवून ‘आभायात’ कसं म्हणायचं ते सांगितलं. ‘भा’ लांब धरायचा आणि ‘य’ हलका सोडायचा. त्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं आणि आम्हाला ऐकवलं. आम्ही बाकीचे ज्या कडव्याला अडखळत होतो, ते तिच्या आवाजात सरळ बोलल्यासारखं येत होतं.

एक सावधगिरी इथे लागते. बोलीतली कविता वाचताना बोलीची नक्कल होऊ लागली की श्रोते हसतात आणि कविता गावठी विनोद होऊन बसते. ते टाळायला आम्ही एक साधा नियम केला: जसं छापलंय तसंच म्हणायचं, त्यावर स्वतःचा हेल चढवायचा नाही. ‘वढाय’, ‘त्याले’, ‘पान्यावऱ्हल्या’ हे सगळं छापलेलं आहेच. त्याच्यात भर घालायची गरज नाही. कार्यक्रमात त्याने चार कडवी वाचली आणि वाचनाआधी आजीची गोष्ट सांगितली, शाळेतली नाही. ती सांगायची की नाही हे मी त्याच्यावर सोडलं होतं.

तिसरा नववीतला मुलगा. त्याने ‘श्यामची आई’ निवडली. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. कळल्यावर त्याने तीच वाक्यं पुन्हा वेगळ्या नजरेने वाचली, म्हणाला, ‘म्हणजे समुद्र, विहीर, आई, सगळं आठवून लिहिलं, समोर काहीच नव्हतं.’ त्याने पोहण्याची गोष्ट घेतली. पोहायला जायच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून काढते, मारून विहिरीवर धाडते, आणि नंतर जवळ घेऊन दही खायला देते.

गद्य वाचायचं तर कापावं लागतं, आणि कापणं ही इथली खरी कसरत. सावकाश वाचताना आमची मुलं मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द वाचत होती. दोन मिनिटांचा उतारा म्हणजे फार तर अडीचशे शब्द, छापील दीडेक पान. पूर्ण गोष्ट वाचली असती तर पंधरा मिनिटं गेली असती. त्याचा आग्रह शेवट घेण्याचा होता, कारण रडू तिथे येतं. मी म्हटलं, ते रडू सगळी गोष्ट वाचल्यावर येतं, नुसता शेवट ऐकणाऱ्याला ते कुठून येणार? शेवटी त्याने माळ्यावरचा भाग घेतला. खाली मुलं हाका मारताहेत, आई शोधते आहे, आणि श्याम वर गप्प बसलाय. या भागाला मागचं काही माहीत असावं लागत नाही. कुणीही कधी ना कधी लपलेलं असतंच.

कापताना आम्ही मधलं वाक्य बदललं नाही, फक्त परिच्छेद गाळले. गाळलेल्या जागी दोन शब्दांचा सांधाही जोडला नाही, तिथे तो पुस्तकावरून नजर उचलून आपल्या शब्दांत एक वाक्य सांगायचा आणि पुन्हा पुस्तकात जायचा. लेखकाचं काय आणि मुलाचं काय, हे श्रोत्याला त्यामुळे स्पष्ट राहिलं. आईचा आवाज काढून दाखवायचा मोहही त्याला झाला. तो आम्ही आवरला. बारीक आवाज काढला की सगळं लक्ष त्या सोंगाकडे जातं. संवादाआधी किंचित थांबलं आणि बोलणाऱ्याच्या वेगाने वाचलं तर कोण बोलतंय ते कळतं. आई झपाझपा बोलते, श्याम तुटक. एवढं पुरतं.

चौथ्या मुलीने चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा विनोदी उतारा वाचला. तिला फारसं शिकवावं लागलं नाही. फक्त विनोदाच्या जागी तिला स्वतःला आधी हसू फुटायचं. ते थांबेपर्यंत तिने तो उतारा घरच्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवला आणि हसू जिरवलं. हशा पिकला की तो ओसरायला लागेपर्यंत पुढचं वाक्य सुरू करायचं नाही, हेही ती घरीच शिकून आली.

कार्यक्रमाच्या दिवसाची तयारी साधी होती, पण ती नसती तर आधीचं सगळं वाया गेलं असतं. मोबाइलवरून वाचायचं नाही, कारण स्क्रीन मध्येच काळी होते आणि बोट लागून पान सरकतं. उतारे मोठ्या अक्षरात, जाड कागदाच्या एकाच बाजूला छापून घेतले, कडवं दोन पानांत तुटणार नाही असं बघून. माइक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या पातळीला, थोडा बाजूला, वीतभर अंतरावर. समोर धरला की ‘फ’ आणि ‘भ’ला स्पीकरमध्ये फटका बसतो, आणि ‘भुईवर’, ‘आभायात’ यांत तर ‘भ’च ‘भ’ आहेत. डोक्यावरचा पंखा आम्ही वाचनापुरता बंद ठेवला, फेब्रुवारी असल्याने निभावलं.

कार्यक्रम तासाभरात संपला आणि मग जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. एक आजोबा उठून सिडकोच्या मुलीला म्हणाले, ‘तुझा औदुंबर सोबत करणारा आहे. मला तो नेहमी उदास वाटत आलाय, सगळं गाव सोडून डोहापाशी येऊन बसलेला.’ ती म्हणाली, ‘काळिमा आहे, पण गोड काळिमा म्हटलंय ना.’ आजोबांनी त्यावर ‘झाकळुनी’कडे बोट दाखवलं. दहावीचा मुलगा मध्येच म्हणाला की त्याला ते झाड आळशी वाटतं. पायवाट सुद्धा चालतेय आणि हा बसलाय. चहा आला तरी हे चालूच होतं, आणि कागद या हातातून त्या हातात फिरत होता.

आता त्याच मुलीने केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ हातात घेतली आहे. कविता लांब आहे, पूर्ण वाचली तर श्रोता दमेल. कुठली कडवी ठेवायची यावर आमचं एकमत होत नाहीये. आणि ते दर कडव्याला येणारं ‘दिड दा, दिड दा, दिड दा’ दर वेळी सारखंच वाचायचं की खिन्न माणसाचं मन जसं निवळत जातं तसं बदलत न्यायचं, हा प्रश्न आहेच. तिला वाटतं बदलावं. माझ्या मते सतार वाजवणाऱ्याला खाली अंधारात कोण ऐकतंय याची कल्पनाच नाही, त्यामुळे त्याचा सूर तोच राहिला पाहिजे, ऐकणारा बदलतो. दोन्ही तऱ्हा पाठमोऱ्या मुलांना ऐकवून बघणार आहोत.